किफायतशीर आदेश परिमाण व पुनरादेश पातळी
आदेश देण्याचा व साठवणुकीचा एकूण वार्षिक खर्च किमान ठेवणारी खेप म्हणजे किफायतशीर आदेश परिमाण. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, वार्षिक गरज व प्रत्येक आदेशाचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला नगामागील वार्षिक साठवणखर्चाने भागावे व वर्गमूळ काढावे. उदा., धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या डाळ गिरणीस दरमहा ३०० पोती लागतात; आदेशखर्च २०० रु. व साठवणखर्च ४ रु. आहे. वार्षिक गरज ३,६०० धरल्यास परिमाण ६०० येते. मासिक आकडाच घेतल्यास चुकून १७३ येते. सहा आदेशांचा खर्च व सरासरी ३०० पोत्यांचा साठवणखर्च प्रत्येकी १,२०० रु. होतो, हा उत्तराचा ताळा होय. पुनरादेश पातळीसाठी कमाल दैनिक वापरास कमाल पुरवठाकालाने गुणावे : १५ पोती व १० दिवस असल्यास १५०. सरासरी आकडे घेतल्यास खेप लांबताच साठा संपतो.