पंखा मोठा, तरी छत काळं

बुलडाणा शहर घाटमाथ्यावर वसलंय आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली पूर्णेच्या सपाटीवर. राजूर घाट उतरून गेलं की हवाच बदलते. डिसेंबर-जानेवारीत बुलडाण्याची पहाट चांगलीच गारठलेली असते. रात्रभर उघड्या आभाळाखाली राहिलेला वरच्या मजल्याचा स्लॅब सकाळी आठपर्यंत थंडगार असतो. त्याच वेळी खाली बाथरूममध्ये घरातल्या चार जणांच्या गरम पाण्याच्या आंघोळी एकामागून एक उरकतात. वाफ वर जाते, त्या गार स्लॅबला टेकते आणि तिथेच तिचं पाणी होतं. आठ-पंधरा दिवसांत छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागतात. मग कुणीतरी सांगतं, एक्झॉस्ट फॅन मोठा लावा. मोठा पंखा येतो, घरघर वाढते आणि ठिपके मात्र तिथेच राहतात.

बुरशीला साचलेलं पाणी लागतच नाही. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिला तेवढं पुरतं. अन्न म्हणून रंग, साबणाचा थर आणि धूळ असतेच. एका आंघोळीची वाफ दोन मिनिटांत दिसेनाशी झाली म्हणून काम संपत नाही. बाथरूम रोज काही तास खरोखर कोरडी राहिली पाहिजे. पंख्याचं माप ठरवायचं ते या हिशेबाने.

पण आधी रोग ओळखावा. ओल छतावरून किंवा पाइपातून झिरपत असेल, तर कोणताही पंखा तिला वाळवू शकणार नाही. वाफेची बुरशी बहुतेक वेळा छताच्या कोपऱ्यांत आणि बाहेरच्या भिंतीच्या वरच्या भागात बारीक ठिपक्यांनी पसरते. झिरपणाऱ्या ओलीचा डाग एका जागी असतो, त्याची कड पिवळसर-तपकिरी दिसते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पांढरा क्षार वर येतो. तरी शंका राहिली तर हातभर प्लास्टिकचा कागद त्या जागेवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दोष वाफेचा, कागदामागे असतील तर भिंतीचा किंवा स्लॅबचा. दुसऱ्या प्रकारात पैसे वॉटरप्रूफिंगवर घालावेत, पंख्यावर नाही.

दोष वाफेचाच ठरला, तर मापाला सुरुवात करू. आपल्याकडच्या घरांत नेहमी दिसणारी बाथरूम घ्या: ५ फूट रुंद, ८ फूट लांब, ९ फूट उंच. म्हणजे ३६० घनफूट. पंख्याच्या खोक्यावर आकडा तासाला घनमीटर या मापात असतो, म्हणून ३५.३ ने भागायचं. उत्तर येतं साधारण १० घनमीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेने बाथरूमसाठी तासाला ६ ते १० वेळा हवा बदलावी असं सांगितलंय. आपण अंगावर तांब्याने पाणी घेतो, सगळी फरशी भिजते, भिंती अर्ध्यापर्यंत ओल्या होतात. म्हणून वरचा आकडा, १०, धरावा. म्हणजे तासाला १०० घनमीटर. अमेरिकेत चालणारा ५० घनफूट प्रतिमिनिटाचा किमान नियमही याच्या जवळच येतो, तासाला ८५ घनमीटर.

आता दुकानात जा. सहा इंची साधा पंखा खोक्यावर याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त हवा सांगतो. मग एवढा पंखा असूनही छत काळं का होतं? कारण तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, पुढेमागे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. पात्यांचा साधा पंखा हवा ढकलतो खरा, पण समोर दाब आला की लगेच थकतो. बाथरूममध्ये त्याला दोन ठिकाणी अडवलेलं असतं: हवा आत येण्याच्या वाटेवर आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर.

आत येण्याची वाट कुणी बघत नाही. पंख्याने १०० घनमीटर हवा बाहेर टाकायची तर तेवढीच आत यायला हवी. आपल्या बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरठा असतो आणि त्यावर पीव्हीसीचं दार घट्ट बसतं. दाराखाली जेमतेम कागद जाईल एवढी फट उरते. अडीच फुटी दाराखाली २० मिलिमीटर फट ठेवली, तर तासाला १०० घनमीटर हवा सहज आत येते. तिथे ५ मिलिमीटर फट असेल तर पंखा नुसता गरगर फिरतो. दार कापता येत नसेल, तर खालच्या भागात जाळी बसवून घ्यावी.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. काचेच्या पट्ट्यांच्या व्हेंटिलेटरमधल्या दोन पट्ट्या काढून तिथे पंखा बसवतात आणि बाकीच्या पट्ट्या उघड्याच ठेवतात. पंखा मग शेजारच्या फटीतून बाहेरचीच हवा ओढतो आणि परत बाहेर टाकतो. खालची ओली फरशी त्याला ठाऊकच नसते. पंख्याच्या आजूबाजूच्या पट्ट्या अॅक्रिलिकने किंवा काचेने कायमच्या बंद कराव्यात, म्हणजे हवा दाराखालून येईल, फरशीवरून जाईल आणि मग वर निघेल. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरली की कळतं. धूर ठामपणे आत ओढला गेला तर हवेची वाट बरोबर आहे.

बाथरूमला बाहेरची भिंत असेल, तर पंखा थेट भिंतीत बसवावा. याहून चांगला उपाय नाही. पण बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी घरं चिकटलेली असतात, बाथरूम मधोमध येते आणि मग फॉल्स सिलिंगवरून पाइप फिरवावा लागतो. खरी नासाडी इथे होते. प्लंबरकडे तीन इंची, म्हणजे ७५ मिलिमीटरचा पाइप उरलेला असतो. तोच सहा इंची पंख्यापुढे लावून दिला जातो.

आकडे बघा. ५ मीटर पाइप, दोन बेंड, बाहेर टोपी आणि झडप असं धरू. तासाला १०० घनमीटर हवा ११० मिलिमीटरच्या पाइपातून न्यायची तर दाराच्या फटीसकट सुमारे ४० पास्कल दाब लागतो. पाण्याची ४ मिलिमीटर उंची जेवढा दाब देते, तेवढा. तेच ७५ मिलिमीटरच्या पाइपातून न्यायचं तर १५० पास्कलच्या घरात जातं. पाइप थोडाच लहान, पण घर्षण जवळजवळ सातपट, कारण व्यास कमी झाला की ते त्याच्या पाचव्या घाताने वाढतं. साधा पात्यांचा पंखा वीस-तीस पास्कललाच धापा टाकतो. म्हणजे तो ११० च्या पाइपावरही अपुरा पडतो, ७५ वर तर त्याचा विचारच नको.

यातून दोनच रस्ते निघतात. पाइप सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा घ्या. मग लागणारा दाब बारा-पंधरा पास्कलवर येतो आणि साधा सहा इंची पंखाही काम करू शकतो. नाहीतर ११० चाच पाइप ठेवा आणि पाइपात बसणारा इनलाइन डक्ट फॅन घ्या. तो शंभर पास्कलच्या वरही ढकलू शकतो. पाइप दहा-बारा फुटांच्या वर जात असेल तर मी यातला दुसरा रस्ता सुचवीन, कारण सिलिंगवर सहा इंची पाइपाला जागा क्वचितच असते. इनलाइन पंखा घेताना खोक्यावरचा नुसता हवेचा आकडा बघू नये. ४० पास्कलला तो किती हवा देतो, ते त्याच्या आलेखावर बघावं. सिलिंगला हात जाईल एवढं झाकणही ठेवावं, नाहीतर पंखा साफ करता येणार नाही.

पाइप सरळ आणि गुळगुळीत असावा. घड्यांचा अॅल्युमिनियम पाइप घ्यावाच लागला, तर पूर्ण ताणून लावावा. तो सैल, झोळ पडलेला राहिला तर अडथळा कित्येक पटींनी वाढतो. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. बुलडाण्याच्या थंडीत पाइपातच वाफेचं पाणी होतं. उतार आतल्या बाजूला असेल तर ते पंख्याच्या मोटरवर टपकतं. बाहेरचं तोंड पश्चिमेला नको, कारण पावसाळी वारा आणि सरी तिकडूनच येतात. पक्ष्यांसाठी जाळी लावावी, पण मोठ्या डोळ्यांची. डासांची जाळी दोन महिन्यांत धुळीने बंद होते.

बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला पैसे देण्याआधी एक तपासणी करावी. १०० लिटरची कचऱ्याची मोठी पिशवी चपटी करून पाइपाच्या बाहेरच्या तोंडावर धरावी. तासाला १०० घनमीटर हवा येत असेल तर पिशवी साडेतीन ते चार सेकंदांत फुगते. दहा सेकंद लागले तर हवा चाळीसच्याही खाली आहे.

आता पंखा किती वेळ चालवायचा? सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर फरशी आणि भिंतींवर लिटरभर पाणी पसरून राहतं असं धरू. थंडीत घरातली हवा कोरडी असते. ती बाथरूममधून जाताना घनमीटरमागे सहा ग्रॅम पाणी उचलते. म्हणजे लिटरभर पाण्याला पावणेदोन तास. श्रावणात मात्र घरातलीच हवा ओलीने भरलेली असते. ती जेमतेम दोन ग्रॅम उचलते आणि तेच काम पाच तासांवर जातं. पावसाळ्यात पंखा कितीही मोठा घेतला तरी बाहेरच्या हवेपेक्षा कोरडी हवा तो आणणार कुठून? म्हणून शेवटच्या माणसाने आंघोळीनंतर वायपर फिरवून पाणी नालीत लोटावं. चारातला एकच भाग पाणी उरलं, तर थंडीत अर्धा तास आणि पावसाळ्यात सव्वा तास पुरतो. पंचवीस वॉटचा पंखा रोज दोन तास चालला तरी महिन्याला दीड युनिटच वीज जाते. त्यासाठी टायमर लावून घ्यावा, कारण बाहेर पडताना दिव्याबरोबर पंखाही बंद करायची सवय असते आणि पंख्याचं खरं काम तेव्हाच सुरू व्हायचं असतं. खाली मलकापूर-शेगावकडे उन्हाळ्यात यातलं काहीच लागत नाही, तिथली एप्रिलची हवा बाथरूम आपोआप वाळवते.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पंखा हवा ओढतो तेव्हा आत दाब कमी होतो आणि गिझरच्या नळीतून वर जाणारा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्याने महाराष्ट्रातही माणसं दगावली आहेत. एक्झॉस्ट फॅन हा त्यावरचा उपाय नाही. आधी गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत हलवा आणि मगच पंख्यासाठी भिंत फोडा.