वाढत्या अंगाचा चष्मा

सात रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात माझ्या आईनं नातीसाठी पहिली फ्रेम उचलली, ती पोरीच्या गालांवर टेकत होती. "जरा मोठीच घेऊ, वाढत्या अंगाची. दोन वर्षं तरी जाईल." गणवेश, बूट, स्वेटर, आमच्याकडे सगळं याच हिशेबानं येतं. दुकानदारकाकांनी फ्रेम हळूच काढून घेतली आणि काडी उलटी करून आतल्या बाजूचे बारीक आकडे दाखवले: ४८ आणि १६. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बेरीज ६४. मग पट्टी धरून त्यांनी भाचीच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. ते भरलं ५२.

म्हणजे त्या फ्रेममध्ये काचेचा मध्य प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. त्यासाठी मोठ्या चकतीतून काच कापायची, आणि अधिक नंबरची चकती जेवढी मोठी तेवढी ती मधोमध जाड. जाड म्हणजे जड. सहा वर्षांच्या मुलाचं नाक मुळात बसकं, त्यावरून जड चष्मा घसरतो आणि पोर काचेच्या वरून बघतं. असा चष्मा घातला काय, न घातला काय. शेवटी ४० आणि १४ ची फ्रेम घेतली. बेरीज ५४, मध्य जेमतेम एक मिलिमीटर सरकवायचा. वर्षभरानं बदलावी लागेल, लागू दे. काचा पॉलिकार्बोनेटच्या, कारण पडल्या-आपटल्या तरी त्या सहसा फुटत नाहीत.

काकांनी तिला खाली बघायला लावलं, हसायला लावलं, दोन उड्या मारायला लावल्या. हसताना गालांनी फ्रेम उचलली नाही, पापण्या काचेला लागल्या नाहीत. मग काका स्वतः जमिनीवर गुडघे टेकून बसले. तिच्या डोळ्यांच्या रेषेत येऊन त्यांनी फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर पेनानं बुबुळापाशी ठिपके दिले. उभ्या उभ्या खाली वाकून हे ठिपके दिले तर ते चुकतात. पहिला चष्मा जिथून घ्याल तिथे एवढं तरी बघून घ्या.

पण मुळात चष्मा कशाला, हा प्रश्न घरात महिनाभर गाजला होता. "तिला रस्त्यापलीकडच्या सिटी बसची पाटी वाचता येते की!" हे खरंच होतं. पाटी वाचत होता तो उजवा डोळा. शाळेतल्या तपासणीत एकेक डोळा झाकला, तेव्हा डावा वरच्या दोन ओळींपुढे जाईना. नंबर निघाला डाव्याला अधिक चार, उजव्याला अधिक एक. दोन डोळ्यांत एवढा फरक असला की मेंदू धूसर चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर भागवतो. याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसणं म्हणजे काय ते त्याला माहीतच नसतं. घरी बघायचं तर एक डोळा तळहातानं झाका. बोटांनी नको, पोरं फटीतून बघतात. एक डोळा झाकल्यावर मूल चिडून हात ढकलतं आणि दुसरा झाकल्यावर खुशाल खेळतं, असं झालं तर डॉक्टर गाठा.

"मोठी झाली की बघू" हा सल्ला इथेच महागात पडतो. सात-आठ वर्षांपर्यंत हा डोळा लवकर सुधारतो. पुढेही सुधारतो, पण रखडत.

दुसरी कुरकुर थेंबांवरून झाली. "यंत्रानं नंबर काढला, मग डोळ्यांत औषध कशाला?" मुलांच्या डोळ्यांतलं भिंग फार लवचीक असतं. ते आवळून मूल अधिक नंबर लपवू शकतं, आणि मग यंत्रालाही तो कमी दिसतो. थेंबांनी भिंगाचे स्नायू सैल पडले की खरा नंबर हाती येतो. त्या दिवशी ऊन टोचतं आणि जवळचं धूसर दिसतं. भाचीनं त्यासाठी गड्ड्याच्या जत्रेतला गुलाबी गॉगल शोधून काढला होता. डॉक्टर म्हणाले, त्यापेक्षा झालरीची टोपी बरी.

चष्मा आला आणि तिसरा गैरसमज घरात शिरला. "मामा, यातून लांबचं नीट दिसत नाही." झालं, नंबर चुकला म्हणून ताई दुकानात निघाली. नंबर चुकला नव्हता. वर्षानुवर्षं आवळून बघायची सवय असलेल्या डोळ्याला सैल व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतरही तक्रार राहिली तर जरूर परत जावं. आणि चष्मा घातल्यानं नंबर वाढतो म्हणाल, तर तो डोळ्याच्या वाढीनुसार बदलतो, चष्म्यामुळे नाही. अधिक नंबर बहुधा वयाबरोबर थोडा उतरतो. उणे नंबर वाढीच्या वयात चढतो, चष्मा कपाटात ठेवला तरी.

लाजेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: ती मुलाला नसते, मोठी माणसं देतात. "अगंबाई, एवढ्याशा पोरीला चष्मा!" हे एका संध्याकाळी तिनं तीनदा ऐकलं आणि चष्मा उशीखाली गेला. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. मापात बसणाऱ्या फ्रेमा आम्ही निवडल्या होत्या, पण त्यातला जांभळा रंग तिचा होता. त्यामुळे विचारणाऱ्याला "माझा रंग आहे" हे उत्तर तिच्याकडे तयार असे. आणि भेटी दिल्या त्या चष्म्याच्याच कामाच्या. तिच्या नावाची कडक डबी, चष्म्याला लावायची दोरी, मऊ फडकं. फडक्याआधी काच पाण्याखाली धुवायची, नाहीतर फ्रॉकच्या टोकानं पुसताना धूळ काचेवर चरे पाडते. आईनं तांब्याची तार वळवून तिच्या अस्वलालाही चष्मा केला. "घातलास तर चॉकलेट" हे आम्ही टाळलं, कारण त्यातून पोराला चष्मा म्हणजे कडू औषध आहे एवढंच कळतं. नोबिताचं उदाहरणही टाळलं, तो सारखा रडतो.

सगळ्यात चालली ती आईनं डबीत ठेवलेली दहाची कोरी नोट. "यात चष्मे किती, सांग." समोर गांधीजींचा एक. मागे स्वच्छ भारतच्या खुणेत दुसरा. नोट ट्यूबलाइटसमोर धरल्यावर पांढऱ्या जागेत पुन्हा गांधीजी उमटले, तो तिसरा. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं हे कोडं सगळ्यांना घातलं. चष्मा अर्थातच नाकावर होता, कोडं घालणाऱ्यालाही दिसायला हवं ना.

नुसत्या चष्म्यानं किती फरक पडतो? अमेरिकेत ३ ते ७ वर्षांच्या ८४ मुलांना, दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या फरकामुळे आलेल्या अशाच आळशी डोळ्यासाठी आधी फक्त चष्मा दिला. २००६ साली निकाल आला: ७७ टक्के मुलांचा डोळा तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींनी सुधारला, २७ टक्के पूर्ण बरे झाले. भाची पहिल्या गटातली. तीन महिन्यांनी डावा डोळा पाचव्या ओळीपर्यंत आला आणि तिथे अडला. आता रोज दोन तास पट्टी.

पट्टी बघून आई पुन्हा बिथरली. "अगं, चांगल्या डोळ्यावर कशाला लावायलालीस?" भाचीनं अस्वलाच्याही उजव्या डोळ्यावर एक चिकटवली होती. "आज्जी, चांगला डोळा झोपला की मगच आळशी उठतो."