रिपोर्ट नॉर्मल, तरी पाळणा का हलत नाही?

लग्नाला दोन वर्षं झालेली, ती सत्तावीस वर्षांची, तो एकतीसचा. अनेक जोडप्यांच्या हकिकतींतून उभं केलेलं हे जोडपं. सासूबाईंना घेऊन ती दोघं डॉक्टरांकडे येतात. फाइलमध्ये थायरॉईड, सोनोग्राफी, वीर्यतपासणी, सगळं व्यवस्थित. ‘संबंध नियमित आहेत ना?’ या प्रश्नाला दोघंही मान हलवतात. या प्रश्नाला दुसरं उत्तर सासूसमोर कोण देणार?

अनुभवी डॉक्टर सासूबाईंना बाहेर बसवतात आणि सरळ विचारतात, ‘लिंग योनीत आत जातं का?’ मग कळतं, की एकदाही गेलेलं नाही. तो म्हणतो, ‘आत वाटच नाही असं वाटतं.’ तिला आग होते, मांड्या आपोआप जुळतात, ती मागे सरकते. या अडचणीला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तसे योनीमुखाभोवतीचे स्नायू तिच्या इच्छेविना आवळले जातात. ती मुद्दाम करत नाही, आणि बहुतेक वेळा वाट मुळात अरुंदही नसते. पहिल्या रात्रीबद्दल ऐकलेल्या रक्ताच्या गोष्टी, गर्भाची भीती, कधी लहानपणीचा अत्याचार यांपैकी काही मागे असू शकतं. पुष्कळदा ठळक कारण सापडतही नाही. एकदा दुखलं की पुढच्या वेळी दुखेल या धास्तीनेच स्नायू आवळतात आणि आवळल्यामुळे पुन्हा दुखतं.

पण प्रत्येक दुखणं म्हणजे व्हजायनिस्मस नव्हे. योनीमुखाच्या ठरावीक जागी कापसाची काडी टेकवताच झोंबत असेल, तर तिथल्या त्वचेचा किंवा नसांचा त्रास असू शकतो. खाज आणि पांढरं जाणं असेल तर जंतुसंसर्ग पाहावा लागतो. लिंग आत गेल्यावर खोलवर दुखत असेल आणि पाळीतही असह्य कळा येत असतील, तर एन्डोमेट्रिओसिसची शंका घ्यावी लागते. क्वचित पडद्याची जन्मजात आडकाठीही असते. त्यामुळे तपासणी हवीच, पण ती पहिल्याच दिवशी उरकायची नाही. तिने आरसा धरावा, ‘थांबा’ म्हणताच डॉक्टरांनी थांबावं. सोनोग्राफी पोटावरून होते. आडकाठी नसताना ‘पडदा कापून घ्या’ हा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. आवळतात ते स्नायू, पडदा नव्हे.

उपचाराची सुरुवात ऐकून नवरे चमकतात: काही आठवडे संभोगाचा प्रयत्नच करायचा नाही. जवळीक, स्पर्श चालेल, पण आत जाण्याचा विषय बंद. दुखण्याची टांगती तलवार गेली की तिचं अंग सैलावतं. फिजिओथेरपिस्ट ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ओळखायला आणि श्वास सोडताना ते सैल सोडायला शिकवतात. मग करंगळीएवढ्या डायलेटरपासून, म्हणजे गुळगुळीत कांडीपासून, सुरुवात होते. भरपूर वंगण लावून बहुतेक दिवशी दहा-पंधरा मिनिटं. एक आकार न दुखता राहू लागला की पुढचा. घाईने दोन पायऱ्या चढल्या तर भीती परतते. शेवटी नवऱ्याच्या हाताने, पण तिच्या सांगण्यानुसार. आणि मग ती वर राहून, हालचाल न करता, लिंग आत घेणं. याला काही आठवडे ते अनेक महिने लागतात. सोबत समुपदेशन चालतं आणि त्यात नवराही असावा लागतो, कारण वारंवार अपयश आल्यावर त्याची ताठरताही अनेकदा ढासळलेली असते. एवढ्यानेही भागलं नाही तर निवडक रुग्णांना बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. डायलेटरचा सराव त्यानंतरही सुटत नाही.

आणि मूल? इथे दोन वेगळ्या गरजा एकमेकींत गुंततात. बीजांडं, नलिका, गर्भाशय ठीक असतील तर व्हजायनिस्मसने गर्भधारणेची क्षमता जात नाही. वीर्य आत पोहोचत नाही, एवढंच. वय पस्तिशीकडे झुकलेलं असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच एक उपाय करता येतो. वीर्य स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यायचं, अर्ध्या तासात ते पातळ होतं, मग सुई नसलेल्या सिरिंजने तासाभराच्या आत योनीत सोडायचं. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसांदरम्यान, एक दिवसाआड. लाळ आणि बरीच बाजारी वंगणं शुक्राणूंची चाल मंदावतात, म्हणून त्या दिवसांत त्यांना न बाधणारं वंगण मागून घ्यावं. एवढ्यासाठी थेट आयव्हीएफकडे धाव घेणं मला खर्चिक आणि आडवळणाचं वाटतं, बाकी काही दोष नसेल तर. त्यातही योनीमार्गाने सोनोग्राफी आणि बीजांडं काढण्याची प्रक्रिया असतेच.

आपल्या जोडप्यापुढे वयाची घाई नाही, त्यांनी आधी उपचार घ्यावेत. गर्भ राहिला तरी त्रास आपोआप जाईलच असं नाही, आणि प्रसूतीच्या कळांमध्ये वारंवार आतून तपासतात. म्हणून ही अडचण केसपेपरवर पहिल्याच भेटीत नोंदवून घ्यावी, म्हणजे लेबर रूममधली नर्स तपासणीआधी विचारून, सावकाश हात लावेल.