दहापट शेअर, मालकी तेवढीच

१६ जून २०२५, सोमवार. शुक्रवारी नऊ हजार रुपयांच्या वर बंद झालेला बजाज फायनान्सचा शेअर त्या दिवशी सकाळी हजाराच्या आतच उघडला. पुण्याची ही कंपनी अनेक मराठी घरांच्या डिमॅट खात्यांत आहे. अशा वेळी मोबाइल उघडला की काळजात धस्स होते, कारण नवे शेअर खात्यात जमा व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि भाव मात्र त्याच सकाळी बदललेला असतो. जुनी संख्या गुणिले नवा भाव असा हिशेब ॲप करते आणि नव्वद टक्के घसरण लाल अक्षरांत दाखवते.

प्रत्यक्षात कुणाचाही रुपया बुडालेला नव्हता. कंपनीने दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या होत्या. २ रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे १ रुपयाचे दोन शेअर केले, म्हणजे विभाजन केले, आणि प्रत्येक शेअरमागे चार बक्षीस शेअर, म्हणजे बोनस, दिले.

अर्थविषयक प्रश्नमंजूषांना असे उदाहरण फार आवडते. प्रश्न सरळ असतो: ज्याच्याकडे एक शेअर होता, त्याच्याकडे आता किती? घाईत कुणी दोन अधिक चार म्हणून सहा लिहितो, कुणी दोन गुणिले चार म्हणून आठ. उत्तर दहा आहे. आधी एकाचे दोन झाले, मग त्या दोघांपैकी प्रत्येकामागे चार नवे आले. जुने दोन आणि नवे आठ. आठ लिहिणारा हातातले दोन मोजायला विसरतो, आणि बोनसच्या प्रश्नांत सर्वाधिक गुण याच चुकीने जातात. आपल्याकडे बोनस ४:१ असे लिहिले, की पहिला आकडा नव्या शेअरचा आणि दुसरा हाती असलेल्यांचा. म्हणून १:१ बोनसमध्ये शेअर दुप्पट होतात आणि ४:१ मध्ये पाचपट.

भावाचा हिशेब याच्या उलट चालतो. संख्या दहापट, म्हणून भाव एक दशांश. प्रति शेअर नफाही एक दशांश. सगळ्यांचेच शेअर दहापट झाल्यामुळे मालकीची टक्केवारी तसूभरही हलत नाही. त्यानंतर भाव चढला वा उतरला, तर तो बाजाराच्या मूडमुळे किंवा लहान भावाला नवे खरेदीदार मिळाल्यामुळे. हिशेबाने त्यात काही वाढवलेले नसते.

मग विभाजन आणि बोनस यांत फरक कुठे? तो कंपनीच्या ताळेबंदात दिसतो. विभाजन म्हणजे शंभराची नोट मोडून सुट्टे घेणे: दर्शनी मूल्य कमी होते, एकूण भागभांडवल तेवढेच राहते. बोनसमध्ये दर्शनी मूल्याला हात लागत नाही, पण राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळवली जाते. या खिशातली रक्कम त्या खिशात गेली, एवढेच. बजाज फायनान्सचे भांडवल विभाजनाने जागचे हलले नाही, बोनसने ते पाचपट झाले, आणि दोन्ही करूनही कंपनीची नक्त मालमत्ता होती तेवढीच राहिली. ‘बोनसने नक्त मालमत्ता वाढते’ हे विधान चूक की बरोबर, असा प्रश्न आला तर निःशंकपणे चूक लिहावे.

हक्कभागाचे, म्हणजे राइट्स इश्यूचे, गणित वेगळे आहे, कारण तिथे भागधारकाच्या खिशातून खरा पैसा कंपनीत येतो. २०२० मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने ५३ हजार कोटींहून अधिक रकमेचा हक्कभाग आणला. प्रत्येक १५ शेअरमागे १ नवा शेअर, किंमत १,२५७ रुपये. घोषणेच्या वेळच्या बाजारभावापेक्षा ती साधारण १४ टक्के कमी होती.

हिशेबासाठी आधीचा भाव १,४६० रुपये धरू. १५ शेअरचे झाले २१,९००. त्यात १,२५७ रुपये घालून सोळावा शेअर घेतला, की एकूण २३,१५७. याला १६ ने भागले, की १,४४७ रुपये ३१ पैसे. हा झाला हक्कभागानंतरचा सैद्धांतिक भाव. इथे १,४६० आणि १,२५७ यांची सरळ सरासरी काढणारा स्पर्धक फसतो. पंधरा शेअर एका भावाचे आणि एकच दुसऱ्या भावाचा असल्यामुळे नवा भाव जुन्याच्या अगदी जवळ राहतो. रिलायन्सने रक्कम तीन हप्त्यांत घेतली होती. प्रश्नमंजूषेत मात्र सगळे पैसे एकदम भरले असेच धरतात.

आता ज्याने पैसे भरले नाहीत, त्याचे काय? कंपनीचे शेअर पंधराचे सोळा झाले, त्याचे पंधराच राहिले. त्याची मालकी आधीच्या पंधरा-सोळांश, म्हणजे सव्वासहा टक्क्यांनी कमी. १ टक्का असेल तर ०.९३७५ टक्के. शिवाय प्रत्येक शेअरमागे १२ रुपये ६९ पैसे घटले, पंधरा शेअरमागे सुमारे १९० रुपये. आणि १,४४७.३१ मधून १,२५७ वजा केले तरी हेच १९० रुपये येतात. ही त्या एका हक्काची किंमत. हक्क विकणाऱ्याची मालकी घटते, पण पैशाचे नुकसान भरून निघते. काहीच न करणाऱ्याचे दोन्ही जाते.

हे हक्क आता डिमॅट खात्यात वेगळ्या नोंदीने जमा होतात आणि बाजारात विकता येतात. त्याची सुरुवात रिलायन्सच्याच या हक्कभागापासून झाली. हक्कांची खरेदी-विक्री २९ मेला संपली आणि अर्जाची मुदत ३ जूनला. मधल्या दिवसांत बाजारात विकण्याचा मार्ग बंद होता, अर्ज मात्र करता येत होता. मुदत टळली की हक्क शून्य होतो. काही जण तर बाजारातला हक्क हाच स्वस्तातला शेअर समजून विकत घेतात आणि अर्ज करायचे राहून जाते. तेव्हा हक्काला दिलेले सगळेच पैसे बुडतात. हक्कभागातली सर्वांत वाईट चूक हीच.

एक प्रश्न परीक्षेत आणि विवरणपत्रात, दोन्हीकडे येतो: या शेअरची खरेदी किंमत किती धरायची? बजाज फायनान्सचा एक शेअर कुणी ५,००० रुपयांना घेतला असेल, तर दहा शेअर प्रत्येकी ५०० रुपयांचे असे करासाठी धरत नाहीत. विभाजनातून आलेल्या दोन शेअरची किंमत प्रत्येकी २,५०० रुपये, आणि त्यांची मुदत मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजतात. बोनसच्या आठ शेअरची किंमत शून्य, आणि त्यांची मुदत ते मिळाल्या दिवसापासून. हक्कभागाच्या शेअरला प्रत्यक्ष भरलेली रक्कम हीच किंमत. डिमॅटमधून विक्री होताना आधी आलेले शेअर आधी गेले असे मानतात. म्हणून दहापैकी दोन विकले तर २,५०० रुपयांचे दोन जातात. तिसरा विकला, की त्याची आलेली सगळी रक्कम नफ्यात धरली जाते.