तिरका फोटो, चुकीचे विशालन

दहावीच्या विज्ञानात भिंगांचे प्रकरण सुरू झाले की मुलांच्या मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो फिरू लागतात. मधोमध भिंग, डावीकडे मुख्य अक्षावर उभा बाण म्हणजे वस्तू, तिच्या टोकापासून निघालेले दोन किरण आणि ते पलीकडे जिथे मिळतात तिथे उलटा बाण म्हणजे प्रतिमा. प्रश्न एवढाच, की प्रतिमा भिंगापासून किती अंतरावर आहे आणि विशालन किती? सूत्र तोंडपाठ असूनही इथे गुण जातात, कारण आकृतीतली लांबी सूत्रात जाताना आपले चिन्ह घेऊन जाते आणि ते चिन्ह आकृतीवर लिहिलेले नसते.

चिन्ह ठरवायला कार्टेशियन चिन्ह संकेत आहे. भिंगाचा प्रकाशीय मध्य हा आरंभबिंदू. सगळी अंतरे तिथूनच मोजायची, भिंगाच्या फुगीर कडेपासून नव्हे. प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो असे धरून वस्तू डावीकडे ठेवायची. आरंभबिंदूच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. म्हणून फोटो हातात आला की आधी किरणांवरचे बाण शोधावेत. बाण नसतील तर वस्तू कोणती आणि प्रतिमा कोणती हेच सांगता येत नाही. प्रकाश आला त्याच वाटेने परत जाऊ शकत असल्यामुळे वास्तव प्रतिमेच्या आकृतीत दोघांची अदलाबदल केली तरी सगळे किरण जागच्या जागी राहतात.

आता एक आकृती घेऊ. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू भिंगापासून १५ सेमीवर, उंची ३ सेमी. वहीत अक्षावर सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे ५ सेमी असे प्रमाण घेतले आहे, म्हणून वस्तू तीन चौकोनांवर आणि नाभी दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनांवर. वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर गेलेला किरण भिंगातून वळून उजवीकडच्या नाभीतून जातो, प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण सरळ जातो आणि दोघे भिंगापलीकडे सहाव्या चौकोनावर, अक्षाच्या खाली मिळतात. सहा चौकोन म्हणजे ३० सेमी.

हेच सूत्राने पडताळून पाहू. वस्तू डावीकडे, म्हणून u = −15. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर धन, म्हणून f = +10. प्रतिमेचे अंतर v आपल्याला काढायचे आहे, म्हणून त्याला आपण होऊन कोणतेही चिन्ह द्यायचे नाही. एखाद्या आकृतीत “प्रतिमा डावीकडे दिसतेय, म्हणून v ऋण” असे सूत्रात आधीच भरले, की चिन्ह दोनदा लागते आणि गणित बिघडते. माहीत असलेल्या राशींना चिन्ह द्यावे, अज्ञात राशीचे चिन्ह सूत्राला सांगू द्यावे.

```
1/v − 1/u = 1/f
1/v = 1/10 − 1/15 = 1/30
v = +30
M = v/u = 30/(−15) = −2
```

v धन आले, म्हणजे प्रतिमा भिंगाच्या उजवीकडे. M ऋण आले, म्हणजे ती उलटी. आणि 2 हा आकडा सांगतो की ती वस्तूच्या दुप्पट, म्हणजे ६ सेमी उंच. आकृतीतही खाली गेलेला बाण वरच्या बाणाच्या दुप्पट भरतो. उंचीसाठी अक्षापेक्षा वेगळे प्रमाण घेतले तरी चालते, कारण विशालन हे उंचीचे उंचीशी गुणोत्तर आहे.

भिंगाच्या जागी तेवढ्याच नाभीय अंतराचा अंतर्गोल आरसा ठेवला तर संकेत तोच, सूत्र मात्र बदलते: 1/v + 1/u = 1/f आणि M = −v/u. या आरशाची नाभी वस्तूच्या बाजूला, म्हणजे डावीकडे असते, म्हणून f = −10. आता v = −30 येते. भिंगात वास्तव प्रतिमेचे v धन होते, इथे ते ऋण आहे, कारण आरसा प्रकाश आल्या बाजूलाच परत पाठवतो. विशालन पुन्हा −2 येते. त्यामुळे नुसत्या v च्या चिन्हावरून प्रतिमा वास्तव की आभासी हे ठरवू नये. आधी समोर भिंग आहे की आरसा हे पाहावे.

इथवर आकृती वहीत होती. आता तिचा फोटो घेतला आणि फोन भिंगासमोर सरळ न धरता थोडा डावीकडून तिरका धरला असे समजा. पानाचा डावा भाग जवळ आल्याने मोठा दिसतो, उजवा दूर गेल्याने आखडतो. स्क्रीनवर मोजपट्टी लावली. दोन्ही नाभींमधले अंतर २० सेमी धरून प्रमाण काढले आणि वस्तूचे अंतर १६ सेमी व प्रतिमेचे सुमारे २६.७ सेमी भरले. विशालन −१.६७. उत्तर चुकलेले आहे, पण पडताळा घ्यायला गेलो तर उंचीही वस्तूची ३.२ सेमी आणि प्रतिमेची ५.३ सेमी भरते; गुणोत्तर पुन्हा १.६७. सूत्रात आकडे घातले तर नाभीय अंतर बरोबर १० सेमी येते. नेहमीच्या दोन्ही चाचण्यांत हा चुकीचा फोटो उत्तीर्ण होतो!

याचे कारण भूमितीत आहे. फोटो तिरका असला तरी सरळ रेषा सरळच राहते, म्हणून किरण अजूनही प्रतिमेच्या टोकाशीच मिळतात. प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण सरळ राहिल्याने त्याच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण समरूप राहतात आणि उंचीचे गुणोत्तर अंतरांच्या गुणोत्तराशी जुळते. सूत्रही जुळते, कारण या तिरकेपणामुळे अंतरांच्या व्यस्तात एका बाजूला जेवढी भर पडते तेवढीच दुसऱ्या बाजूला घट होते: 1/16 आणि 1/26.7 यांची बेरीज 1/10 च राहते. फोन खालच्या बाजूने तिरका धरला तर मात्र अक्षावरची अंतरे प्रमाणात राहतात, पण वरचा बाण आखडतो, खालचा लांबतो आणि दोन गुणोत्तरे जुळत नाहीत. ती चूक लगेच दिसते. बाजूच्या तिरकेपणाची दिसत नाही.

ती पकडायची खूण नाभींमध्ये आहे. भिंगाच्या दोन्ही नाभी त्यापासून सारख्या अंतरावर असायला हव्यात. आपल्या फोटोत डावी नाभी १०.४ सेमीवर आणि उजवी ९.६ सेमीवर भरते. एवढा फरक दिसला की त्या फोटोवर मोजपट्टी लावायची नाही, तर पानावरचे चौकोन मोजायचे. चौकोन कितीही आखडला तरी तो एकच चौकोन राहतो, त्यामुळे वस्तू तीन चौकोनांवर आणि प्रतिमा सहा चौकोनांवर हे तिरक्या फोटोतही खरेच असते. पान कोरे असेल तर फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरून फोटो पुन्हा काढावा आणि दोन्ही नाभी सारख्या अंतरावर आल्या की मगच मोजायला घ्यावे.