क्रोमच्या टाकीतला सामू : दोन प्रोटॉन देणाऱ्या आम्लाची गोष्ट

भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून फिरताना वाहनांचे सुटे भाग बनवणारे लहान कारखाने जागोजागी दिसतात. त्यांपैकी काहींत दांड्यांवर आणि नळ्यांवर क्रोमचा कठीण मुलामा चढवला जातो. मुलामा दिलेला भाग पाण्यात धुतला की ते पाणी पिवळे होते. हा पिवळेपणा षट्-संयुजी क्रोमियमचा. ते विषारी आणि कर्ककारक आहे. पवना किंवा इंद्रायणीसारख्या नदीत सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे.

म्हणून सांडपाणी-प्रक्रियेत या क्रोमियमचे क्षपण करून कमी विषारी असे त्रि-संयुजी क्रोमियम तयार करतात. त्यासाठी बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइटची पांढरी पूड वापरतात. टाकीजवळच्या कामगाराला एवढेच सांगितलेले असते, की सामू (पीएच) अडीचच्या आसपास ठेव. अडीचच का? दीड किंवा पाच का नाही? याचे उत्तर अकरावी-बारावीच्या आयनिक समतोलात दडलेले आहे.

पूड पाण्यात टाकली की ती सोडियम बायसल्फाइट होते: Na₂S₂O₅ + H₂O → 2NaHSO₃. बायसल्फाइट आयन (HSO₃⁻) हा एका द्विप्रोटिक आम्लाच्या मधल्या पायरीवर उभा आहे. या आम्लाला आपण सल्फ्युरस आम्ल म्हणतो. खरे तर पाण्यात H₂SO₃ चे रेणू जवळजवळ नसतातच, असतो तो विरघळलेला सल्फर डायऑक्साइड. त्याचे विचरण दोन टप्प्यांत होते:

SO₂ + H₂O ⇌ H⁺ + HSO₃⁻  (pK₁ सुमारे १.८)
HSO₃⁻ ⇌ H⁺ + SO₃²⁻  (pK₂ सुमारे ७.२)

या दोन आकड्यांचा अर्थ सोपा आहे. सामू १.८ असेल तर SO₂ आणि HSO₃⁻ निम्मे-निम्मे असतात. सामू एकाने वाढला की HSO₃⁻ चे SO₂ शी असलेले प्रमाण दसपट होते. तसेच ७.२ ला HSO₃⁻ आणि SO₃²⁻ निम्मे-निम्मे असतात. दोन आकड्यांत पाचाहून अधिक एककांचे अंतर आहे, म्हणून एका वेळी दोनच रूपांचा विचार केला तरी चालतो. अडीचच्या टाकीत SO₃²⁻ जवळजवळ नसतो. तेथील हिशेब असा मांडता येतो:

SO₂ चा वाटा = [H⁺] / ([H⁺] + K₁)

K₁ म्हणजे १०⁻¹·⁸, सुमारे ०.०१६. सामू २.५ ला [H⁺] सुमारे ०.००३२ असतो. तेव्हा वाटा ०.००३२ ÷ ०.०१९, म्हणजे सुमारे १७ टक्के. याच रीतीने सामू १.५ ला तो ६७ टक्के येतो, ३ ला ६ टक्के आणि ४.५ ला फक्त ०.२ टक्के. विद्यार्थ्यांकडून हे चार आकडे काढून घ्यावेत आणि आलेखावर मांडावेत. उतरती वक्ररेषा त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहील.

आता मधल्या क्षाराचे काय? नुसते बायसल्फाइट पाण्यात असले तर सामू किती? हा आयन उभयप्रोटिक आहे, म्हणजे प्रोटॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. तो आपसातच देवघेव करतो: 2HSO₃⁻ ⇌ SO₂ + H₂O + SO₃²⁻. जितका SO₂ बनतो, जवळजवळ तितकाच SO₃²⁻ बनतो. दोन्ही समतोल स्थिरांकांचा गुणाकार केला तर

K₁ × K₂ = [H⁺]² × [SO₃²⁻] / [SO₂]

शेवटचे दोन समान असल्याने ते निघून जातात आणि उरते [H⁺]² = K₁K₂. म्हणजेच सामू = (१.८ + ७.२) ÷ २ = ४.५. गंमत म्हणजे या सूत्रात संहती कुठेच नाही. पूड थोडी कमी-जास्त झाली तरी सामू ४.५ च्या जवळपास राहतो. मात्र याला मर्यादा आहे. संहती K₁ च्या मानाने बरीच मोठी हवी. लिटरला ०.१ मोल असेल तर अचूक हिशेबाने सामू ४.५३ येतो, पण ०.०१ मोल असेल तर ४.७ च्या वर जातो.

म्हणजे पूड नुसती टाकली तर सामू अडीच होणार नाही. त्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वेगळे घालावे लागते. शिवाय आम्ल खर्चही होते. या सामूला क्रोमियम मुख्यतः HCrO₄⁻ रूपात असते, आणि अभिक्रिया अशी होते:

2HCrO₄⁻ + 3HSO₃⁻ + 5H⁺ → 2Cr³⁺ + 3SO₄²⁻ + 5H₂O

समजा, टाकीत १,००० लिटर पाणी आहे आणि त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. एकूण १०० ग्रॅम, म्हणजे १.९२ मोल. समीकरणावरून बायसल्फाइट दीडपट लागते, २.८८ मोल. ते देण्यासाठी मेटाबायसल्फाइट १.४४ मोल, सुमारे २७५ ग्रॅम. H⁺ लागतात अडीचपट, ४.८ मोल. पण सामू २.५ च्या १,००० लिटर पाण्यात मुक्त H⁺ असतात फक्त ३.२ मोल! म्हणजे सुरुवातीला अडीच केलेला सामू अभिक्रिया चालू असताना आपोआप वर सरकतो. तो चार-पाचच्या पुढे गेला की अभिक्रिया फार मंदावते आणि पाणी पिवळसरच राहते. कामगाराला वाटते पूड कमी पडली. तो आणखी पूड टाकतो, पण रंग काही जात नाही. खरी उणीव आम्लाची असते. म्हणून आम्ल थोडे थोडे घालत सामू सतत तपासावा लागतो.

उलट चूकही होते. घाईने एकदम जास्त आम्ल ओतले आणि सामू दीडवर आला, तर दोन-तृतीयांश सल्फाइट SO₂ बनते. ते वायुरूपाने निसटते, डोळे व घसा चुरचुरतो, दम्याच्या रुग्णाला तर हा वायू धोक्याचाच. वर निसटलेली पूड वाया जाते ती वेगळीच. उन्हाळ्यात टाकी तापली की हे आणखी वाढते. मग निदान असे: उग्र वास येत असेल तर सामू फार खाली गेला आहे. वास नाही पण पिवळेपणा आहे, तर आधी सामू पाहावा आणि तो ठीक असेल तरच पूड वाढवावी. अडीच-तीन हा वेग आणि वास यांच्यामधला तडजोडीचा सामू आहे.

पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की क्षपण झाले असे समजतात, पण ०.१ मिलिग्रॅमचा पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डायफिनाइल कार्बाझाइडची चाचणी करतात. षट्-संयुजी क्रोमियम उरले असेल तर जांभळा रंग येतो. त्यानंतर चुना घालून सामू आठ-नऊवर नेतात आणि Cr(OH)₃ चा साका खाली बसू देतात.

हाच हिशेब घरातल्या सरबताच्या बाटलीतही लागतो. लिंबाच्या स्क्वॅशमध्ये टिकण्यासाठी चिमूटभर ‘केएमएस’, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घालतात. बुरशी व यीस्टना रोखतो तो मुख्यतः SO₂, बायसल्फाइट आयन नव्हे. आंबट रसात SO₂ चा वाटा मोठा असतो, म्हणून तेथे चिमूट पुरते. कमी आंबट रसात तेवढीच चिमूट निष्प्रभ ठरते. वर्गात चिमूटभर केएमएस अर्ध्या पेल्यातल्या पाण्यात विरघळवून वैश्विक दर्शक कागद बुडवावा. तो साडेचार ते पाचच्या आसपासचा रंग दाखवील. मग त्यात लिंबू पिळून, तोंड जवळ न नेता, हाताने वारा घेऊन वास पाहावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ज्या मुलांना दमा आहे त्यांना दूर बसवावे.