शोकसंदेश: चार परिच्छेदांतून उरलेल्या सहा ओळी

मागच्या व्हिडिओत शोकसंदेशाचं उदाहरण घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहितोय.

बेलपाड्यातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून माल नेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टर दादांची आई गेली. मी रात्री बसून व्हॉट्सअॅपवर चार परिच्छेद लिहिले. पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "यात त्यांची आई कुठे आहे?"

खरंच नव्हती. पहिल्या परिच्छेदात मला किती धक्का बसला ते होतं. दुसऱ्यात जन्म-मृत्यूचं तत्त्वज्ञान. ते कुणालाही पाठवता आलं असतं, म्हणून ते आधी गेलं. तिसऱ्यात माझे वडील गेले तेव्हाची हकिगत. मला वाटलं होतं, त्यांना धीर येईल. पण घरात माणूस गेलेलं असताना माझं दुःख त्यांनी का ऐकायचं? तोही गेला.

चौथा परिच्छेद काढायला जड गेला. "आमचं दुकान सदैव तुमच्या पाठीशी आहे, बिलाची अजिबात काळजी करू नका," असं मी लिहिलं होतं. मनात चांगलंच होतं हो. पण वाचणाऱ्याला त्यातलं 'बिल' तेवढं दिसतं, आणि उधारीची आठवण आपणच करून दिल्यासारखं होतं. मी ते वाक्य खोडलं आणि वहीत तगाद्याची तारीख तेराव्याच्या पुढे ढकलली. हे त्यांना कळवायची गरज नव्हती. संदेशाखाली येणारं दुकानाचं नाव आणि लोगोही काढला.

मग एकच प्रश्न उरला: त्या बाईंचं मला स्वतःला काय आठवतं? शेवटी गेलं ते हे:

"दादा, आई गेल्याचं आज कळलं. फार वाईट वाटलं. दुकानात आल्या की सुटे पैसे दोनदा मोजायच्या आणि त्यातला एक रुपया माझ्या मुलीच्या हातावर ठेवायच्या. ते विसरणार नाही. तेराव्यापर्यंत साइटवरच्या मालाचं मी सुपरवायझरशी बोलून बघतो. उत्तर द्यायची गरज नाही."

रुपयाची ओळ दुसरं कुणी लिहू शकलं नसतं, म्हणून ती खरी वाटते. "काही लागलं तर सांगा" यात मागण्याचं ओझं त्यांच्यावर पडतं, म्हणून मला खरंच जमणारं एकच काम लिहिलं. जमणार नसेल तर ती ओळ गाळा. आणि त्या घरात दिवसभर फोन वाजत असतो, म्हणून शेवटचं वाक्य.

गेलेल्या माणसाला तुम्ही कधी भेटलाच नसाल, तर आठवण बनवू नका. घरच्यांना लगेच कळतं. अशा वेळी "बाबांना भेटणं झालं नाही, पण तुमच्या बोलण्यात ते नेहमी असायचे" एवढं लिहा, तेही खरंच असायचे तर. नाहीतर पहिली दोन वाक्यं आणि खाली तुमचं नाव, बास.

दादा पंधरा दिवसांनी दुकानात आले. संदेशाबद्दल काही बोलले नाहीत. मुलगी कितवीत गेली ते विचारलं.